मुलांना वस्तू आठवते, वचन आठवत नाही: बालसंदेशातली नेहमीची अडचण

उपासना सुटली की आमच्याकडे गेटपाशी चहा असतो. तिथे बिस्किट खात उभ्या असलेल्या एखाद्या मुलाला विचारून बघा, "आज तुम्हाला पुढे बोलावलं होतं, तेव्हा काय सांगितलं?" बहुतेक वेळा उत्तर येतं, "ताईंनी फुगा आणला होता." मग? "लाल होता." आणि पुढे? पुढे काही नाही. मूल बिस्किटाकडे वळतं आणि आपण घरी जाताना विचार करत बसतो की चूक कुठे झाली.

पुण्यातल्या एका मराठी मंडळीत मी बरीच वर्षं संडे स्कूल घेते. दुसरं गीत आणि उपदेश यांच्यामध्ये आमच्याकडे मुलांसाठी पाच मिनिटं राखून ठेवलेली असतात. मुलं पुढे येऊन पायरीवर बसतात, एक वस्तू दाखवायची, तिच्यावरून एक गोष्ट सांगायची, छोटी प्रार्थना करायची आणि मुलांना परत जागेवर पाठवायचं. नवीन कोणी ही जबाबदारी घेतली की दोन-तीन महिन्यांत तोच प्रश्न घेऊन येतात: मुलांना वस्तू पक्की आठवते, वचन मात्र अजिबात आठवत नाही. म्हणून हे एकदा नीट लिहून ठेवते आहे.

"मुलांचं लक्ष नव्हतं" हे निदान सगळेच करतात, पण ते चुकीचं आहे. ज्या मुलाला फुग्याचा रंग आठवतो, त्याचं लक्ष पूर्ण होतं. लक्ष होतं म्हणूनच वस्तू आठवली. अडचण वस्तू आणि वचन यांच्यामधल्या जोडात आहे.

बिघाड कुठे होतो

मिरपूड आणि साबणाचा प्रयोग तुम्ही पाहिला असेल, कदाचित केलाही असेल. ताटलीत पाणी घ्यायचं, वर मिरपूड भुरभुरायची. मिरपूड म्हणजे पाप. बोटाला भांड्याच्या साबणाचा थेंब लावून ते बोट मध्यभागी टेकवायचं, की मिरपूड झटकन कडेला पळते. साबण म्हणजे येशू. दिसायला हे सुंदर दिसतं आणि पुढे बसलेली मुलं "ओऽऽ" करतात. मीही हा प्रयोग केला होता, तेव्हा मला वाटलं होतं की आज संदेश जमला.

नंतर चहाच्या वेळी मी चौघांना विचारलं. पाच वर्षांची एक मुलगी म्हणाली, "मिरी पळाली." एवढंच. सहा वर्षांचा एक जण म्हणाला, "पाप पाण्यावर तरंगतं." आणि अकरा वर्षांच्या मुलाने मला जे विचारलं, त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. तो म्हणाला, "पण टीचर, मिरपूड गेली कुठे? ती तर कडेलाच होती. मग पाप कडेला राहतं का?"

ही तीन उत्तरं समोर ठेवली की बिघाड स्पष्ट दिसतो. स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे याने मुलांच्या विचारांचे जे टप्पे मांडले, त्यात साधारण सात ते अकरा या वयातलं मूल समोर असलेल्या, हाताळता येणाऱ्या गोष्टींबद्दल चांगला तर्क करतं. पण न दिसणाऱ्या कल्पनांशी सहज खेळायला ते अकरा-बाराच्या पुढे लागतं. सातच्या आतल्या मुलाला तर मिरपूड ही मिरपूडच असते. तिला तुम्ही पाप म्हणालात, तर ते एकतर सोडून देतं किंवा शब्दशः खरं मानतं. म्हणून लहानग्यांना उडी मारता येत नाही, आणि मोठ्यांना मारता येते तेव्हा त्यांना रूपकातलं भोक दिसतं. एकाच वस्तूने दोन्ही टोकांची मुलं निसटतात.

त्यात हा प्रयोग त्या ताटलीत पुन्हा होत नाही. पाण्यात साबण उतरलेला असतो, पृष्ठताण आधीच मोडलेला असतो, त्यामुळे नवी मिरपूड टाकून बोट लावलं तरी ती जागची हलत नाही. "पुन्हा करा ना" असं मुलं म्हणणारच, आणि तेव्हा सगळ्या मंडळीसमोर साबण, म्हणजे आपल्या रूपकातला येशू, निष्फळ ठरतो. ताटली नीट धुवून नवं पाणी घेतलं तर जमतं, पण पायरीवर बसून कोण ताटली धुणार?

आयोडिनचं तपकिरी पाणी क्षणात पारदर्शक करून दाखवण्याचा दुसरा एक प्रयोग बरेच जण करतात. त्यालाही हेच सगळं लागू आहे. शिवाय शेवटी पेल्यात साध्या पाण्यासारखं दिसणारं, पण पिण्यालायक नसलेलं काहीतरी उरतं आणि आजूबाजूला चार-चार वर्षांची मुलं असतात. तो मी कधीच करू देत नाही.

आधी स्वतःच तपासा

वस्तू निवडल्यावर, घरातून निघण्याआधी, एक वाक्य पूर्ण करून बघायचं. "ही वस्तू म्हणजे..." असं वाक्य सुरू करावं लागत असेल, तर थांबा. "फुगा म्हणजे आपलं मन", "साबण म्हणजे येशू", "रबर म्हणजे क्षमा" या सगळ्यांत जोड आपण लावलेला असतो. वस्तूला तो ठाऊक नसतो आणि शास्त्रभागालाही नसतो.

त्याऐवजी वाक्य असं सुरू होत असेल तर पुढे जा: "या वचनात जे म्हटलं आहे, ते हे." म्हणजे वचनातल्या वस्तूसारखी दिसणारी दुसरी वस्तू आणायची नाही, वचनात नाव घेतलेली तीच वस्तू आणायची. मोहरीचा दाखला असेल तर मोहरी, खमिराचा असेल तर खमीर, मिठाचं वचन असेल तर मीठ. येशूने सांगितलेले दाखले शेतातले, स्वयंपाकघरातले, जाळ्यातले, बाजारातले आहेत. ज्या वस्तू त्याने स्वतः निवडल्या, त्या बाजूला ठेवून आपण फुगा आणि मिरपूड कशाला शोधत बसतो, हे मला खूप उशिरा कळलं.

त्यातही सर्वांत चांगली वस्तू कोणती? वचनातला जो शब्द मुलांना कळत नाही, त्या शब्दाची. हे मला एका मुलीने शिकवलं.

एक संदेश पहिल्यापासून शेवटपर्यंत

मत्तयाच्या ५ व्या अध्यायातलं १५ वं वचन होतं. दिवा लावून कोणी मापाखाली ठेवत नाही, तर दिवठणीवर ठेवतो, म्हणजे तो घरातल्या सगळ्यांना प्रकाश देतो. संडे स्कूलमध्ये वचन पाठ करून घेताना एका मुलीने हात वर केला. "टीचर, मापाखाली म्हणजे टेपखाली का?" तिची आई शिवणकाम करते. तिच्या घरात माप म्हणजे पिवळी टेप, छाती चौतीस, उंची चाळीस. दिवा टेपखाली कसा ठेवायचा, हा प्रश्न तिला खरोखरच पडला होता. बाकीच्यांना विचारलं, तर एकाला माप म्हणजे बुटाचं माप वाटत होतं आणि दोघांनी तो शब्द नुसताच पाठ केला होता.

माझ्या वर्गातली मुलं हे वचन घडाघडा म्हणत होती आणि त्यांच्या डोळ्यांसमोर काहीच उभं राहत नव्हतं. आमच्या पिढीला हे लक्षात येत नाही, कारण आमच्या घरी माप होतं. धान्य मोजायचं लोखंडी किंवा पितळी भांडं, पायली, अधोली, शेर, मापटं, चिपटं. चार शेरांची पायली, दोन शेरांची अधोली. मूळ ग्रीकमध्ये जो शब्द आहे, मोदिओस, तोही धान्य मोजायच्या भांड्याचाच आहे. ते रोमन माप आजच्या हिशेबाने साडेआठ-नऊ लिटरचं, म्हणजे आपल्या अधोलीपेक्षा बरंच मोठं. पण भांडं त्याच कामाचं, आणि ते घरात हाताशी असायचं, म्हणून तर दिव्यावर पालथं घालायला तेच सुचलं. आज पुण्यातल्या फ्लॅटमध्ये धान्य पाच किलोच्या पिशवीत येतं आणि मोजायला वाटी पुरते. वस्तू गेली, त्यामुळे शब्द आतून रिकामा झाला.

आमच्या मंडळीतल्या एका आजींकडे सासरची अधोली आहे. लोखंडी आहे, बाहेरून काळी पडली आहे, तोंडाची कड वापरून वापरून गुळगुळीत झालेली. शनिवारी संध्याकाळी मी ती मागून आणली. बरोबर मातीची एक पणती, तेल, वात, काडेपेटी आणि एक बुटकं स्टूल. यापलीकडे काही लागत नाही.

रविवारी मुलं पायरीवर बसली तेव्हा अधोली माझ्या हातात होती. पिशवीत लपवून नेली नव्हती, कारण लपवलेल्या वस्तूने मुलांचं सगळं कुतूहल पिशवीवर खर्च होतं. "हे काय आहे?" असं विचारल्यावर डबा, कुंडी आणि ढोल अशी तीन उत्तरं आली. मग मी दुसऱ्या रांगेतल्या आजींना विचारलं. त्या बसल्या जागेवरून म्हणाल्या, "अधोली आहे ती. माप. ज्वारी मोजायचो आम्ही त्यात." मी मुलांना विचारलं, "काय आहे हे?" मुलं म्हणाली, "माप." इथे अर्धं मिनिट गेलं, आणि खरं तर अर्धं काम इथेच झालं.

मग पणती लावून खाली फरशीवर ठेवली. पुढच्या मुलांना ज्योत दिसत होती. मागे बसलेल्या मोठ्यांना मी मोठ्याने विचारलं, "मागच्यांना दिवा दिसतोय का?" "नाही," असं दोन-तीन जण म्हणाले. मुलांनी वळून मागे पाहिलं. हे वळून पाहणं महत्त्वाचं आहे. वचनात "घरातल्या सगळ्यांना" असं आहे, आणि त्या क्षणी मुलांना कळलं की घर म्हणजे ही आख्खी मंडळी आहे.

मग अधोली उचलून पणतीवर पालथी घातली. "आता कोणाला दिसतो?" कोणालाच नाही. "आत दिवा आहे का?" आहे. "लागलेला आहे का?" लागलेला आहे. "मग दिसत का नाही?" एक जण ओरडला, "मापाखाली आहे!" वचनातला शब्द मुलाच्या तोंडून, त्याच्या स्वतःच्या वाक्यात आला. मी तो सांगितला नव्हता.

अधोली लगेच उचलली. मग तीच अधोली तशीच पालथी स्टुलावर ठेवली आणि तिच्या पाठीवर पणती ठेवली. ज्या मापाखाली दिवा झाकला होता, तेच माप आता दिवठण झालं. दिवठण हा दुसरा शब्दही मुलांना अनोळखी होता, पण आता तो वेगळा समजावण्याची गरज उरली नाही. "दिवा ठेवायची उंच जागा, ती दिवठण," एवढं म्हटलं. "मागच्यांना आता दिसतोय का?" मागून "दिसतोय!" असा आवाज आला. मोठेही जरा जास्तच उत्साहाने ओरडले, पण त्याने काही बिघडत नाही.

आता शास्त्र उघडून तेच एक वचन वाचलं, सावकाश. बस, स्पष्टीकरण नाही. त्यानंतर फक्त दोन वाक्यं: "येशू आपल्या शिष्यांना म्हणाला, तुम्ही जगाचा प्रकाश आहा. तुम्ही जे चांगलं करता, ते लोकांना दिसू द्या, म्हणजे लोक तुमच्या स्वर्गातल्या पित्याचा गौरव करतील." एका ओळीची प्रार्थना झाली आणि मुलं जागेवर गेली. पाळकसाहेबांनी नंतर सांगितलं की सगळं मिळून सव्वाचार मिनिटं लागली.

इथे कोणीतरी विचारेल, आणि विचारायलाच हवं, की "तुम्ही जगाचा प्रकाश आहा" हेही रूपकच नाही का? आहे. पण ती उडी येशूने मारलेली आहे, आपण नाही, आणि लगेच पुढच्या वचनात त्याने तिचा अर्थही सांगून ठेवला आहे: सत्कर्मं. आपण फक्त खालची जमीन घट्ट करून दिली. पाच वर्षांचं मूल उडी न मारता एवढंच घेऊन जाईल की दिवा झाकायचा नसतो, वर ठेवायचा असतो, असं येशू म्हणाला. हे अपुरं असेल, पण चुकीचं नाही. मिरपुडीच्या वेळी सहा वर्षांच्या मुलाला जे मिळालं, ते चुकीचं होतं. अकरा वर्षांचा मुलगा पूर्ण उडी मारेल, आणि त्याने प्रश्न विचारला तर उत्तर वचनातच सापडेल.

हे करताना काय काय बिघडू शकतं

पहिला धोका विझण्याचा आहे. पालथ्या अधोलीखाली हवा मर्यादित असते, त्यामुळे ज्योत थोड्याच वेळात मंदावते आणि विझते. मी आदल्या रात्री घरी करून पाहिलं तेव्हा अर्ध्या मिनिटाच्या आसपास विझली. म्हणून झाकल्यावर मनात दहा मोजायचे आणि उचलायची. प्रश्नोत्तरं त्या दहात बसली पाहिजेत. विझली, तर काडी ओढा, पुन्हा लावा आणि पुढे चला. त्या विझण्यावरून "झाकलेला दिवा विझतो, तसा आपला विश्वासही विझतो" असा धडा काढायचा मोह होतो. काढू नका. वचन तसं म्हणत नाही. वचन म्हणतं की झाकलेला दिवा कोणाच्या उपयोगाचा नाही. वस्तूने आयत्या वेळी दिलेला दुसरा धडा घेतला की पहिला जातो, आणि गेटपाशी मुलं सांगतात, "दिवा मेला."

दुसरा धोका पंख्याचा. वेदीच्या बाजूचे दोन पंखे आधीच बंद करायला सांगून ठेवा. आयत्या वेळी सांगितलं तर बटण कुठलं यावरच एक मिनिट जातं. मे महिन्यात पंखा बंद करणं जमत नसेल, तर तुळशीबागेत दिवाळीला मिळते ती बॅटरीची पणती चालेल. ती विझत नाही, तिने भाजत नाही. मला स्वतःला खरी ज्योत आवडते, पण मुलं खूप लहान असतील किंवा पुढे दाटीवाटी असेल, तर मी बॅटरीचीच घेते. फ्रॉकची झालर आणि ज्योत यांच्यात हातभर अंतर राहत नसेल, तर आवडनिवड बाजूला ठेवायची.

तिसरी अडचण उजेडाची. आमची उपासना सकाळची आहे, खिडक्या मोठ्या आहेत, पणतीचा उजेड पडलेला काही दिसत नाही. पहिल्यांदा मला वाटलं की अंधार करावा लागेल. एक मोठा खोका आणून, त्याची एक बाजू कापून, त्यात दिवा ठेवून घर दाखवायचा प्रयत्नही मी एकदा केला होता. मुलं खोक्यात डोकावत राहिली आणि खोकाच आठवणीत राहिला. मग लक्षात आलं की उजेड पडला का, हे विचारायचंच नाही. दिवा दिसतो का, हे विचारायचं. ज्योत दिवसाउजेडीही दिसते, झाकली की दिसत नाही, उंचावर ठेवली की लांबूनही दिसते. वर सांगितलेल्या कृतीतले सगळे प्रश्न म्हणूनच "दिसतो का" असे आहेत.

चौथी गोष्ट, वस्तू हातोहात फिरवायला देऊ नका. हिशेब साधा आहे. वीस मुलं, प्रत्येकाने दहा सेकंद हातात धरली, तर दोनशे सेकंद, म्हणजे तीन मिनिटांहून जास्त. तुमचा सगळा वेळ तिथेच संपतो आणि बोलणं कोणी ऐकत नाही, कारण प्रत्येक जण आपल्या पाळीची वाट बघत असतो. अधोली उपासनेनंतर चहाच्या टेबलावर ठेवली, तेव्हा ज्यांना हवी त्यांनी ती मनसोक्त हाताळली.

मोकळे प्रश्न हीसुद्धा वेळखाऊ गोष्ट आहे. एका वर्षी मी याच वचनाच्या वेळी मुलांना विचारलं, "गुरुवारी लाइट जाते, तेव्हा मोबाइलचा टॉर्च कुठे ठेवता?" प्रश्न अगदी नेमका होता, कारण टॉर्च आपण खाली ठेवत नाही, फ्रिजवर नाहीतर कपाटावर ठेवतो. पण लाइट जाण्याबद्दल पुण्यातल्या प्रत्येक मुलाकडे एक गोष्ट असते. लिफ्टमध्ये अडकलेले काका आले, अंधारात सांडलेलं वरण आलं, आणि दोन मिनिटांनी मी अजून तिथेच होते. तो प्रश्न आता मी उपासनेनंतरच्या संडे स्कूलसाठी ठेवते. तिथे वेळ असतो आणि तिथे त्याचं सोनं होतं. पायरीवर मात्र एका शब्दात उत्तर येईल असेच प्रश्न विचारायचे.

आणि एक विनंती मोठ्यांना. मूल "ढोल" म्हणालं की सगळी मंडळी हसते. हसू प्रेमाचंच असतं, पण सहा वर्षांच्या मुलाला ते तसं ऐकू येत नाही. एक मुलगा अशा हसण्यानंतर बरेच रविवार पुढे आलाच नाही. आता मी हसू येण्याआधीच उत्तर उचलून धरते: "ढोलासारखं दिसतं खरं. वाजवून बघू?" आणि बोटाने टकटक करते. हसू त्याच्यावर न येता त्याच्याबरोबर येतं.

उपाय लागू पडला की नाही, हे कसं ओळखायचं

परीक्षा चहाच्या वेळीच घ्यायची, पण मुलाच्या उत्तरात काय ऐकायचं ते आधी ठरवून. नुसतं नाम आलं, म्हणजे "अधोली होती", "दिवा होता", तर वस्तू पोहोचली आणि वचन मागे राहिलं. क्रियापद आलं, "झाकला", "वर ठेवला", "सगळ्यांना दिसला", तर वचन पोहोचलं, कारण या वचनाचा सगळा अर्थ या क्रियापदांतच आहे. वस्तू निवडतानाही हेच उलटं करून बघता येतं: वचनातलं मुख्य क्रियापद कोणतं, आणि माझी वस्तू पायरीवर तेच करणार आहे का? खमीर फुगवतं. मीठ चव आणतं. फुग्याने फुटायचं आणि वचनाने क्षमा करायची, असं असेल तर जमणार नाही.

त्या रविवारी मी तिघांना विचारलं. सगळ्यांत लहानगी म्हणाली, "दिवा वर ठेवला, मग आजीला दिसला." टेपवाली मुलगी आईला सांगत होती की माप दोन प्रकारचं असतं. तिसऱ्याला अधोलीखाली स्वतःचं डोकं जातं का, एवढंच बघायचं होतं. तीनातली दोन मला पुरेशी वाटतात.

हा उपाय कुठे चालत नाही

सगळ्या शास्त्रभागांत वस्तू नसते. पौलाच्या पत्रांतला एखादा भाग असेल, जिथे नीतिमत्त्व आणि कृपा यांची बांधणी चाललेली आहे, तिथे वस्तू शोधायला गेलात की पुन्हा "साबण म्हणजे" सुरू होतं. अशा रविवारी मी वस्तू नेत नाही. त्या विषयाशी जुळणाऱ्या माणसाची गोष्ट शुभवर्तमानातून सांगते, आणि हात रिकामे ठेवते. पहिल्या वेळी मुलं "आज काय आणलंय?" म्हणून हाताकडे बघतात. दुसऱ्या मिनिटाला तोंडाकडे बघायला लागतात.

काही वस्तू वचनात असतात, पण पाच मिनिटांत आपलं काम दाखवत नाहीत. खमीर घातलेलं पीठ फुगायला तास-दीड तास लागतो. तिथे एक गोळा घरून फुगवून आणायचा आणि एक तसाच, खमीर न घातलेला, आणि दोन्ही शेजारी ठेवायचे. मोहरीचा दाणा तिसऱ्या रांगेतूनही दिसत नाही, म्हणून तो दाखवायचा नाही, प्रत्येकाच्या तळहातावर एकेक ठेवायचा. वीस मुलांना वीस दाणे द्यायला दुसरी कोणी मदतीला असली की अर्धं मिनिट पुरतं. दाणा पडेल, हरवेल, शोधाशोध होईल. होऊ द्या. "सापडत नाही, एवढा लहान आहे," हे मुलाने स्वतः म्हणणं हाच त्या दाखल्याचा पहिला भाग आहे.

अधोली मिळाली नाही तर काय, असं एका नव्या शिक्षिकेने विचारलं होतं. स्टीलचा डबा किंवा छोटी बादली घेतली तर झाकणं आणि वर ठेवणं जमतं, पण "माप" हा शब्द तसाच रिकामा राहतो. म्हणून आधी मंडळीतल्या वयस्कर लोकांना विचारा. उपासनेच्या शेवटी सूचना दिल्या जातात, तेव्हा "कोणाकडे पायली, अधोली किंवा शेर आहे का?" असं एकदा विचारलं तर बहुधा कोणाच्या तरी माळ्यावरून एखादं निघतं, आणि ते घेऊन येणारी व्यक्ती त्या दिवशी तुमच्या संदेशाचा भाग होते.

आमच्या आजींची अधोली मी त्याच दुपारी परत केली. पाठीवर पणतीतलं तेल थोडं सांडलं होतं, ते आधी कोरड्या पिठाने टिपून मग फडक्याने पुसलं. लोखंडाला पाणी लावून तसंच ठेवलं तर गंज धरतो. भांडं रिकामं परत करायचं नसतं, म्हणून त्यात तांदूळ भरले. टेपवाली मुलगी माझ्याबरोबर आली होती. आजींनी तांदळावरून तळहात फिरवून वरचा ढीग खाली पाडला, कड आणि तांदूळ एका पातळीत आले, आणि त्या तिला म्हणाल्या, "ही झाली अधोली."

तिने तळहात फिरवून बघितला.